आतले वर्तुळ कोण आखते?

प्रत्येक वर्गात चार-पाच जण असे असतात, की ते येऊन बसले की बाक भरतो आणि ते उठले की बाक रिकामा होतो. ते ज्याला हसतात तो विनोद ठरतो, बाकीचे नुसते बोलणे. त्यांची निवडणूक कधी झालेली नसते, कुठल्या नोटीस बोर्डावर त्यांची यादी लागलेली नसते. तरीही नवीन आलेल्या कॅडेटला आठवडाभरात कळते की ते कोण आहेत. या लेखात त्यांना मी 'आतले वर्तुळ' म्हणणार आहे. त्यात शिरायला काय लागते, असे विचारले तर मुले तीन गोष्टी सांगतात: दिसणे, खेळ आणि पैसा. माझा मुद्दा असा आहे की या तीन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. एकीतून दुसरी विकत घेता येते, आणि ही देवघेव कशी चालते ते कळले तर वर्तुळही कळते.

वडिलांच्या बदलीमुळे माझ्या सुट्या सध्या कोलकात्यात जातात. तिथे सियालदह स्टेशनापासून जवळ, आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर मुलींची एक जुनी शाळा आहे, लोरेटो डे स्कूल. तिथे 1979 नंतर जे घडले ते या विषयातले मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण आहे. पण ते समजण्याआधी वर्तुळ मोजतात कसे आणि ते बनते कसे, हे पाहावे लागेल.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. जेकब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने ती रूढ केली आणि 1934 च्या पुस्तकात सविस्तर मांडली. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची आणि विचारायचे, 'तुला कोणाशेजारी बसायला आवडेल?' मग कागदावर प्रत्येक मुलासाठी एक ठिपका काढायचा आणि ज्याने ज्याचे नाव लिहिले त्याच्याकडे बाण काढायचा. गठ्ठ्याने बाण कोणाकडे जातात, कोणाकडे एकही जात नाही, हे डोळ्यांना लगेच दिसते.

पुढे संशोधकांच्या लक्षात आले की एक प्रश्न पुरत नाही. 'तुला कोण आवडतो?' आणि 'वर्गात कोण पॉप्युलर आहे?' या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात. 1998 मध्ये पार्कहर्स्ट आणि हॉपमेयर यांनी हेच तपासून दाखवले. वर्गाने पॉप्युलर म्हणून ज्यांची नावे दिली त्यांतले बरेच जण वर्गाला फारसे आवडत नव्हते. आणि जे खरोखर आवडत होते, दयाळू, विश्वासू वगैरे, त्यातल्या बऱ्याच जणांना कोणी पॉप्युलर म्हटले नव्हते.

समजा, एका डॉर्मिटरीत 24 पलंग आहेत. पहिला प्रश्न, 'आपल्या तुकडीत सगळ्यांत जास्त चलती कोणाची?' दुसरा प्रश्न, 'तीन दिवसांच्या ट्रेकला तंबूत जोडीदार म्हणून कोण हवा?' पहिल्या प्रश्नाला एका मुलाला 15 चिठ्ठ्या मिळाल्या आणि दुसऱ्याला 4. दुसऱ्या एका मुलाला पहिल्यात 2 आणि दुसऱ्यात 11 मिळाल्या. हा दुसरा म्हणजे पाण्याची बाटली भरून ठेवणारा, रात्री पोट दुखले तर उठून वॉर्डनला बोलावणारा. पहिला आतल्या वर्तुळात आहे, दुसरा नाही. आता बाण पाहा. वर्तुळातले पाच जण एकमेकांचीच नावे लिहितात, म्हणून त्यांच्यातले बाण दोन्ही बाजूंनी जातात. बाहेरच्या दहा-बारा जणांचे बाण आत जातात आणि परत येत नाहीत. आतले वर्तुळ ओळखायची खूण हीच आहे. नुसते मित्र असते तर बाण परत आले असते.

हे कोणाला करून पाहायचे असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. 'कोण नको?' हा प्रश्न विचारू नये. संशोधक तो विचारतात, पण त्यांच्याकडे चिठ्ठ्या कुलपात राहतात. आपल्याकडे त्या दिवे जाण्याआधी फुटतील आणि एका मुलाचे सत्र खराब होईल. दुसरे म्हणजे हाउस मॅच झाल्यावर लगेच हे करू नये, कारण त्या आठवड्यात सगळे बाण गोल मारणाऱ्याकडे वळलेले असतात.

आता वर्तुळ बनते कसे ते पाहू. खेळापासून सुरुवात करतो, कारण सैनिकी शाळेत पहिले दार तेच आहे.

जेम्स कोलमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1957-58 मध्ये इलिनॉय राज्यातल्या दहा हायस्कुलांचा अभ्यास केला. त्यावरचे त्याचे पुस्तक 1961 मध्ये आले. त्याने मुलांना विचारले की शाळा सोडल्यावर लोकांनी तुला कशासाठी आठवावे, हुशार विद्यार्थी म्हणून, खेळाडू म्हणून, की पॉप्युलर म्हणून? मुलग्यांमध्ये सर्वांत जास्त जणांनी खेळाडू निवडले. हुशार विद्यार्थी निवडणारे साधारण एकतृतीयांश होते. पुढच्या गटात शिरायला काय लागते, या प्रश्नावर चांगला स्वभाव, चांगले दिसणे, कपडे, खेळ आणि मोटारगाडी अशी उत्तरे आली. म्हणजे आपण आज म्हणतो तेच, फक्त आपल्याकडे गाडी नाही. आणि सर्वांत वर कोण होते? जो खेळातही पहिला आणि अभ्यासातही पहिला, तो. नुसता हुशार मुलगा मात्र नुसत्या खेळाडूच्या बराच मागे होता.

मला यातले कारण महत्त्वाचे वाटले. कोलमन म्हणतो की मुले मूर्ख आहेत म्हणून असे होत नाही. शाळेचा संघ जिंकला की बाकावर बसलेल्या प्रत्येकाला वाटते, 'आपण' जिंकलो. खेळाडूचा घाम त्याच्या एकट्यासाठी नसतो, म्हणून सगळे त्याला मान देतात. हुशार मुलाने 95 गुण मिळवले तर त्यात शेजाऱ्याचे काही जिंकलेले नसते. उलट गुरुजी म्हणतात, 'त्याला जमते, मग तुला का नाही?' त्याच्या गुणांमुळे बाकीच्यांचे गुण कमी दिसतात. म्हणून सगळे मिळून त्याला खाली ओढतात. 'पुस्तकी किडा' हे नाव त्यातूनच येते. प्रेपच्या वेळी खूप अभ्यास करणारा मुलगा 'मी काहीच वाचले नाही' असे का सांगतो, याचे उत्तर मला इथे मिळाले.

आता खेळातून दिसणे कसे येते ते पाहा. त्यासाठी आपल्या प्रवेशाचा नियम आठवा. सहावीत प्रवेश घेताना 31 मार्चला वय 10 ते 12 च्या मध्ये असावे लागते. 2024-25 च्या वर्षासाठी याचा अर्थ होता, जन्म 1 एप्रिल 2012 ते 31 मार्च 2014 च्या दरम्यान. समजा, एकाचा जन्म 5 एप्रिल 2012 चा आणि दुसऱ्याचा 20 मार्च 2014 चा. दोघे एकाच दिवशी ट्रंक घेऊन आले, एकाच वर्गात बसले आणि त्यांच्यात जवळजवळ दोन वर्षांचे अंतर आहे. एकाला आपण थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा.

मुलगे ऐन वाढीच्या वर्षात 8 ते 10 सेंटीमीटर वाढतात आणि हे वर्ष बहुतेकांचे 13-14 च्या आसपास येते, काहींचे आधी, काहींचे नंतर. थोरला सातवीच्या शेवटीच वाढू लागतो. हाउसच्या ज्युनियर संघाच्या निवडीला उभा राहिला की तो डोकेभर उंच असतो, चेंडू लांब मारतो. त्याची निवड होते. मग त्याला संध्याकाळचा जादा सराव मिळतो, खेळाच्या शिक्षकांना त्याचे नाव पाठ होते, तो बाहेरच्या स्पर्धेला जातो, परत आल्यावर असेंब्लीत त्याचे नाव पुकारले जाते. सरावाने खांदे भरतात, चालणे बदलते. वर्षभराने सगळे म्हणतात, 'तो दिसतो पण किती रुबाबदार!' हा रुबाब अर्धा जन्मतारखेतून आणि अर्धा जादा सरावातून आलेला असतो, पण तो चेहऱ्यावर दिसत असल्यामुळे जन्मजात वाटतो.

धाकटा नववीत उंच होतो. पण तोपर्यंत संघ ठरून गेलेला असतो आणि थोरल्याच्या खात्यात दोन वर्षांचा जास्तीचा सराव असतो. धाकट्यालाही तोवर पटलेले असते की आपण खेळाडू नाही. त्याने बुद्धिबळ किंवा क्विझ धरलेले असते. कॅनडात आइस हॉकीच्या मुलांवर रॉजर बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हेच दाखवले. चांगल्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले खूप जास्त निघाली, कारण वयोगटाची तारीख 1 जानेवारी होती. तिथे अंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांचे होते. आपल्याकडे ते चोवीस महिन्यांपर्यंत जाते.

वयोगटाच्या स्पर्धांमुळे हे थोडे सावरते हे खरे आहे. 14 वर्षांखालच्या संघात थोरला एका वर्षी चालेनासा होतो आणि जागा मोकळी होते. पण हाउसचे ज्युनियर आणि सीनियर संघ इयत्तेवर ठरतात आणि वर्तुळ बनते ते हाउसमध्ये.

दिसण्याचे पुढे काय होते यावरही जुना अभ्यास आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मुलांच्या एका तुकडीचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. हाडांच्या एक्स-रेवरून कोण लवकर वाढले आणि कोण उशिरा, हे ठरवले होते. मेरी कव्हर जोन्स आणि नॅन्सी बेली यांनी 1950 मध्ये लिहिले की लवकर वाढलेली मुले मोठ्यांना आणि मुलांना जास्त आकर्षक वाटत होती आणि शाळेतली पदेही त्यांच्याकडे जास्त होती. उशिरा वाढलेली मुले जास्त चुळबुळी, लक्ष वेधून घेणारी अशी नोंदली गेली. हे वाचल्यावर मला आपल्या वर्गातली विदूषकी करणारी बुटकी मुले आठवली. ती मुले पुढे मोठी झाल्यावर जोन्सने पुन्हा पाहिले, तेव्हा उंची-बांध्यातला फरक जवळजवळ उरला नव्हता. म्हणजे ज्यावर पदे मिळाली होती ते काही वर्षांत सगळ्यांकडे आले.

राहिला पैसा. आपल्या शाळेत पैसा दिसू नये म्हणून बरेच केलेले आहे. गणवेश एक, केस एकाच मापाचे, पॉकेट मनी हाउस मास्तरांच्या वहीत, मेसमध्ये ताट सगळ्यांचे सारखे. बाहेरच्या कोणी पाहिले तर म्हणेल की इथे पैशाला जागाच नाही. पण पैसा फार शहाणा असतो. समोरचे दार बंद केले की तो दुसऱ्या कशाचे तरी रूप घेऊन येतो.

येण्याआधी तीन उन्हाळे पोहण्याच्या क्लासला गेलेला मुलगा पहिल्याच दिवशी तलावात सरळ पोहतो, तेव्हा आपल्याला त्याचा पैसा दिसत नाही, त्याचा खेळ दिसतो. दातांना तारा लावून सरळ केलेले दात, हलकी फ्रेम, पायाच्या मापाचे चांगले स्टड असलेले बूट, यातही आपल्याला दिसणे आणि खेळ दिसतो. इंग्रजी सफाईदार येणे हे तर हुशारीच समजली जाते. पैसा असा आधीच खर्च झालेला असला तर तो सर्वांत उपयोगी ठरतो. आता खर्च होणारा पैसा त्यापुढे कमी पडतो. सुटीवरून येताना दोन मोठे डबे भरून लाडू आणि चिवडा आणणारा मुलगा सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या पलंगाभोवती गर्दी होते, डबा रिकामा होईपर्यंत. खेळात किंवा दिसण्यात काही नसेल तर त्या गर्दीतले कोणी दुसऱ्या आठवड्यात थांबत नाही. मात्र तोच डबा संघातल्या मुलाने उघडला तर त्याला मन मोठे असलेला म्हणतात.

इथे माझे एक निरीक्षण आहे, ते कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. तिन्हींपैकी एक असून भागत नाही, दोन लागतात. खेड्यातून आलेला, हॉकीत सगळ्यांत पुढे असलेला मुलगा मैदानावर आत असतो आणि कँटीनमध्ये बाहेर. तिथे त्याची चेष्टा त्याच्या उच्चारावरून होते आणि तोही हसतो. नुसता देखणा मुलगा फोटोत मध्यभागी उभा राहतो, पण कोणी त्याचे मत विचारत नाही. नुसत्या पैशाचे लाडूवाल्यात पाहिले. पण कोणत्याही दोन असल्या की तिसरी आपोआप जोडली जाते. चांगला खेळणाऱ्या आणि चांगल्या दिसणाऱ्याला पैशाची गरज पडत नाही, बाकीचे त्याच्यासाठी कँटीनमधून आणतात. पालकांनी हे वाचत असाल तर लक्षात येईल की मुलगा फोनवर नेमके बुटांसाठीच का हट्ट धरतो. त्याला दुसरी गोष्ट हवी असते.

आता सियालदहला जाऊ.

लोरेटो डे स्कूल ही 1857 ची शाळा, आयरिश जोगिणींनी चालवलेली. इंग्रजी माध्यम, चांगले नाव, फी भरणाऱ्या घरांतल्या मुली. बाहेर मात्र स्टेशन आणि स्टेशनाच्या आधाराने फुटपाथवर राहणारी कुटुंबे. 1979 मध्ये सिस्टर सिरिल मूनी मुख्याध्यापिका झाल्या. त्याही मूळच्या आयर्लंडच्या, 1956 पासून भारतात. त्या वेळी 790 मुलींपैकी जेमतेम 90 मुली गरीब घरच्या होत्या आणि फीशिवाय शिकत होत्या. याचा हिशेब वर्गात मांडून पाहा. चाळीसच्या वर्गात चार किंवा पाच. त्या चार-पाच जणी सगळ्यांना माहीत असणार, कोणी दया करणार, कोणी टाळणार, पण कोणी विसरणार नाही. अशा संख्येने गरीब मुलगी वर्गात येते ती 'ती गरीब मुलगी' म्हणूनच. गणवेश फुकट दिला तरी फरक पडत नाही, कारण तो फुकट दिला आहे हे सगळ्यांना ठाऊक असते.

सिस्टर सिरिल यांनी चार-पाच जणींशी चांगले वागा असे सांगण्यावर काम सोडले नाही. त्यांनी संख्या बदलली. दरवर्षी फी न भरणाऱ्या मुलींचे प्रवेश वाढवत नेले. 1998 पर्यंत शाळेत 1400 मुली झाल्या आणि त्यांतल्या 700 हून जास्त फी न भरणाऱ्या होत्या. आता चाळीसच्या वर्गात वीस आणि वीस. वीस जणी अपवाद असू शकत नाहीत. कोणाच्या डब्यात काय आहे याकडे पाहून वर्गाचे दोन भाग करायचे म्हटले तर अर्धा वर्ग दुसऱ्या बाजूला जातो आणि मग त्या बाजूलाही हुशार, गाणाऱ्या, खेळणाऱ्या, विनोदी अशा सगळ्या प्रकारच्या मुली असतात.

पण संख्येने पैशाचा जोर कमी होतो, मान कोणाला द्यायचा याचे उत्तर मिळत नाही. ते उत्तर दुसऱ्या उपक्रमातून मिळाले, असे मला वाटते. 1985 मध्ये शाळेने 'रेनबो' सुरू केले. फुटपाथवरच्या मुली शाळेत कधीही येऊ शकत, वेळ आणि हजेरीचे बंधन नव्हते, कारण त्यांना कामही करावे लागे. आणि त्यांना शिकवणार कोण? शाळेतल्याच मुली. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या वर्गांचा कार्यशिक्षणाचा तास असतो, त्या तासाला एक मुलगी एका रेनबो मुलीला घेऊन बसे. एकीला एक. तयारी झाली की रेनबोची मुलगी तिच्या वयाच्या नेहमीच्या वर्गात जाई. पुढे त्यातल्या अनेक मुली शाळेच्या इमारतीतच राहू लागल्या. याशिवाय दर गुरुवारी मोठ्या मुलींचा एक गट कोलकात्याबाहेरच्या खेड्यांतल्या शाळांत शिकवायला जाई.

आता कोलमनचे कारण आठवा. हुशार मुलीच्या 95 गुणांत शेजारणीचे काही जिंकलेले नसते, म्हणून तिला मान मिळत नाही. सियालदहला त्याच हुशारीचा उपयोग दुसऱ्या कोणाला तरी वाचता येण्यासाठी होऊ लागला. गणित समजावून सांगता येणे हे गोल मारण्यासारखे झाले, त्यात दुसऱ्याचाही विजय होता. शिवाय या कामात खेळाडूला, देखण्या मुलीला किंवा श्रीमंत मुलीला काही सवलत नव्हती. आठ वर्षांच्या मुलीला 'ब' आणि 'भ' यांतला फरक कळत नसेल तर तिच्यासमोर बसलेल्या मुलीचे बूट कोणते आहेत याने काही होत नाही. तिथे धीर लागतो. फी न भरता शिकलेली, स्वतः नुकतीच हे शिकलेली मुलगी यात फी भरणाऱ्या मुलीपेक्षा सरस ठरू शकते, कारण कुठे अडते ते तिला ठाऊक असते.

सिस्टर सिरिल यांनी कोलमन वाचला होता असे माझे म्हणणे नाही. त्यांचा हेतू मुलींना शिकवण्याचा होता, पॉप्युलर कोण हे ठरवण्याचा नव्हता. पण दोन्ही गोष्टी एकाच यंत्राने चालतात. त्यांना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2023 मध्ये त्या गेल्या.

या उपायाच्या मर्यादाही आहेत. ती डे स्कूल आहे. चार वाजता मुली घरी जातात, एक फ्लॅटमध्ये आणि एक झोपडीत, आणि वाढदिवसाला कोण कोणाच्या घरी जाते हे शाळेच्या हातात नसते. आपल्याकडे उलटे आहे. चोवीस तास आपण एका छताखाली आहोत, म्हणून शाळेने काही बदलले तर ते पूर्ण बदलते आणि काही बिघडले तर त्यातून संध्याकाळी घरी जाऊन सुटका नाही. वर्तुळाच्या बाहेर असलेल्या डे स्कॉलरला घर असते. बोर्डरला दिवे गेल्यानंतरची डॉर्मिटरी असते.

आपल्याकडे सियालदहसारखे यंत्र वर्षातून एकदा, तीन आठवड्यांसाठी चालू होते, फक्त कोणी त्याला ते नाव देत नाही. इंटर-हाउस क्रॉस कंट्री. फुटबॉलमध्ये हाउसचे अकरा जण खेळतात आणि बाकीचे ओरडतात. क्रॉस कंट्रीत सगळे धावतात आणि प्रत्येकाच्या वेळेचे गुण हाउसला मिळतात. पहिल्या येणाऱ्याचे गुण जास्त असतात, पण तो एकच असतो. शेवटच्या टप्प्यात येणारे पंधरा जण जर त्याच्या आधीच्या टप्प्यात आले तर हाउस जिंकते. हे गणित हाउस कॅप्टनला पाठ असते. म्हणून त्या तीन आठवड्यांत तो पहाटे ज्याच्या पलंगाशी येऊन उभा राहतो तो संघातला खेळाडू नसतो. तो सर्वांत हळू धावणारा मुलगा असतो. त्याची वेळ काल किती होती हे कॅप्टनला माहीत असते, त्याच्या बुटाचा तळ निघाला आहे हे माहीत असते आणि वर्तुळातला एक जण त्याला आपले जुने बूट देतो. चढावर त्याच्याबरोबर कोणी तरी सीनियर स्वतःची वेळ कमी करून धावतो. मेसमध्ये त्याच्यासाठी जागा धरलेली असते.

चिठ्ठ्यांचा प्रयोग कोणाला करायचाच असेल तर त्याने तो दोनदा करावा, एकदा क्रॉस कंट्रीच्या आदल्या आठवड्यात आणि एकदा त्यानंतर महिन्याने, आणि दोन्ही कागदांवर त्या सर्वांत हळू धावणाऱ्या मुलाकडे किती बाण येतात ते मोजावे. माझा अंदाज आहे की दुसऱ्या कागदावर ते कमी झालेले असतील. पण सगळे गेलेले नसतील. तळ निघालेल्या बुटाबद्दल ज्याने आधी विचारले होते, त्याचा एक बाण तरी दोन्ही बाजूंनी राहिलेला असेल.